पिवळं पडलेलं कव्हर: हळद की ऊन?

नांदेडच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम सुरू झाला की पोत्यांपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्याला पिवळी झाक चढते, आणि तिथे दिवसभर हातात असणाऱ्या फोनचं पारदर्शक कव्हरही त्यातून सुटत नाही. लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानात मात्र सोयाबीन आणि तूर, हळद फारशी नाही, तरी पारदर्शक कव्हर तिथंही वर्षभरात पिवळं पडतं. म्हणजे पिवळेपणा दोन प्रकारचा असतो. एक बाहेरून चिकटलेला, दुसरा आतून आलेला. दिसायला दोन्ही सारखेच. पण एक जातो, दुसरा जात नाही. कोणता कुठला हे ओळखायला घरबसल्या एक सोपी चाचणी आहे, पण त्याआधी कव्हर कशाचं बनलंय हे कळायला हवं.

दुकानात कव्हर मागितलं की मुलगा विचारतो, "हार्ड पाहिजे का सॉफ्ट, काका?" सॉफ्ट म्हटलं की तो जे मऊ पारदर्शक कव्हर काढतो त्याला तो 'सिलिकॉन' म्हणतो. शंभर-दीडशे रुपयांचं हे कव्हर जवळजवळ नेहमीच सिलिकॉन नसतं. ते असतं टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन. तापवल्यावर वितळतं, साच्यात ओततात, थंड झाल्यावर रबरासारखं लवचिक राहतं. खरं सिलिकॉन सहसा आरपार दिसत नाही. ते रंगीत, मॅट, बोटाला मखमली लागतं, आणि चांगल्या कव्हरला आतून मऊ कापडी अस्तर असतं. हार्ड म्हणजे पॉलीकार्बोनेट. हेल्मेटची काच आणि जुन्या सीडी याच प्लास्टिकच्या. १९५३ साली जर्मनीत बायरमध्ये हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं.

शंका असेल तर टाकून द्यायच्या जुन्या कव्हरचा नखाएवढा तुकडा कापून पक्कडीत धरावा आणि घराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, काडी लावावी. टीपीयू वितळून त्याचे थेंब गळतात आणि काळा धूर निघतो. सिलिकॉन वितळत नाही, जळतं आणि मागे पांढरी भुकटी उरते. ती वाळूतलीच सिलिका. धूर मात्र हुंगू नये.

आता पडण्याकडे येऊ. मराठवाड्यातल्या घरांत अजूनही शहाबादी फरशी खूप आहे. कडक, किंचित खरबरीत, आणि फोनसाठी अजिबात दयाळू नाही. समजा दोनशे ग्रॅमचा फोन एक मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण कमरेच्या थोडं वरून, फरशीवर कोपऱ्यावर आदळला. खाली पोहोचेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास होतो, म्हणजे ताशी सोळा किलोमीटर. त्याच्यातली ऊर्जा जेमतेम दोन ज्यूल. ही काही फार नाही. प्रश्न ती किती अंतरात संपते हा आहे.

हिशेब सरळ आहे. फोन जितक्या उंचीवरून पडला त्याला तो थांबताना जितका दबला त्याने भागा. कव्हर नसताना धातूचा कोपरा फरशीवर समजा ०.२ मिलिमीटरच दबतो. एक हजार मिलिमीटर भागिले ०.२, म्हणजे फोनच्या वजनाच्या सरासरी पाच हजार पट जोर. दोनशे ग्रॅमचा फोन त्या क्षणी एक टनाएवढा भार अंगावर घेतो, एका टोकावर. कव्हरचा मऊ कोपरा एक मिलिमीटर दबला तर तोच आकडा हजार पटींवर येतो, म्हणजे दोनशे किलो. अजूनही जास्तच, पण पाचव्या हिश्श्यावर आला. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्यक्षात जोर एकसारखा राहत नाही, आघाताच्या मधल्या क्षणी तो सरासरीच्या दुपटीपर्यंत चढू शकतो. पण प्रमाण तेच राहतं. दबायला जितकी जागा, तितका मार कमी.

यातच तिन्ही पदार्थांचा स्वभाव उघडा पडतो. पॉलीकार्बोनेट दबत नाही म्हटलं तरी चालेल. ते सहज फुटत नाही, म्हणून मजबूत वाटतं, पण मार आत जसाच्या तसा पोचवतं. त्याचं काम वेगळं आहे. किल्ली, खिळा, खडीचा टोकदार दगड पाठीवर टेकला तर तो जोर ते मोठ्या जागेवर पसरवतं आणि फोनची काच वाचवतं. टीपीयू आणि सिलिकॉन दबतात, म्हणून कोपऱ्यावरच्या मारात तेच कामाला येतात.

इथे एक गंमत आहे, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रबर मऊ असलं तरी त्याचं आकारमान फारसं कमी होत नाही. दाबलं की ते बाजूला फुगतं. बाजूला फुगायला जागाच नसेल, म्हणजे एकीकडे फोन आणि दुसरीकडे फरशी अशी घट्ट चेपलेली पातळ पट्टी असेल, तर तेच मऊ रबर जवळजवळ कडक वागतं. म्हणूनच बऱ्याच कव्हरच्या चारही कोपऱ्यांना आत पोकळी असते, बाहेरून उंचवटा दिसतो. दुकानात त्याला 'एअर बॅग' किंवा 'बंपर' म्हणतात. हवेमुळे मार कमी होतो असा समज आहे, पण खरं काम हवेपेक्षा त्या रिकाम्या जागेचं आहे. भिंत आत वाकायला तिथे मोकळं असतं. कव्हर विकत घेताना कोपरा बोटाने दाबून पाहावा. दबून परत उसळला तर पोकळी खरी, नाही तर नुसता बाहेरचा फुगवटा.

फोन तोंडावर सपाट पडला तर कोपऱ्याची जाडी काही करत नाही. तिथे उपयोगी पडतो तो पडद्याभोवतीचा उंचवटा, जो काचेच्या वर साधारण एक मिलिमीटर असायला हवा. सपाट फरशीवर तो काचेला टेकू देत नाही. पण रस्त्याच्या खडीवर एखादा दगड एक मिलिमीटरपेक्षा कितीतरी वर आलेला असतो, आणि मग कुठलंच कव्हर कामाचं नाही, वर लावलेली टेम्पर्ड ग्लास फुटून पडदा वाचला तर नशीब.

पाकिटावर 'मिलिटरी ग्रेड' लिहिलेलं असतं. त्यामागे अमेरिकी लष्कराचं एक चाचणीपत्रक आहे, MIL-STD-810. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून सव्वीस वेळा वेगवेगळ्या बाजूंवर पाडतात, आणि हे सव्वीस मार पाच नमुन्यांत वाटून घ्यायला परवानगी असते. पत्रकाच्या जुन्या आवृत्तीत खाली असायचं काँक्रीटवर ठेवलेलं दोन इंची प्लायवुड. शहाबादीपेक्षा प्लायवुड बरंच मवाळ. शिवाय हा शिक्का देणारी कुठलीही सरकारी यंत्रणा नाही, उत्पादक स्वतःच चाचणी करून किंवा करवून घेऊन स्वतःच लिहितो. तेव्हा त्या शब्दांसाठी जादा पैसे देण्याआधी कोपरा दाबून पाहणं जास्त शहाणपणाचं.

पकडीचा विषय त्याच्या मानाने साधा आहे. कोरड्या, स्वच्छ हातात सिलिकॉन सगळ्यात घट्ट बसतं, टीपीयू मधलं, गुळगुळीत पॉलीकार्बोनेट सगळ्यात निसरडं. पण मोंढ्यात कोरडे स्वच्छ हात कुणाचे असतात? सिलिकॉनच्या मऊ पृष्ठभागाला धूळ, कापसाचे तंतू, खिशातली लव लगेच चिकटते. सोयाबीनच्या ढिगाजवळ काम केल्यावर त्यावर बारीक धुळीची साय बसते आणि सगळ्यात चिकट कव्हर सगळ्यात निसरडं होतं. उपाय भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि पाणी, वाळलं की पकड परत येते. घामाचंही तसंच. किंचित ओल असेल तर मऊ कव्हर जास्त घट्ट वाटतं, हात चिंब असेल तर पाण्याचा थर मधे येतो आणि सगळीच कव्हरं घसरतात. तेव्हा पदार्थापेक्षा कडेवरच्या रेघा आणि खाचा जास्त कामाच्या. सिलिकॉनचा दुसरा दुबळेपणा फाटण्याचा. चार्जिंगच्या भोकाजवळची पातळ पट्टी एकदा नखाएवढी चिरली की ती चीर पुढे पळते. टीपीयू फाटायला त्याच्या मानाने फार कठीण. पॉलीकार्बोनेट कोपऱ्यावर तडकतं, विशेषतः रोज काढून घालणाऱ्यांचं.

आता मूळ प्रश्न, पिवळेपणा.

स्वस्त टीपीयू ज्या रसायनांपासून बनवतात त्यांपैकी एकाच्या रेणूत सहा कार्बनचं कडं असतं, बेंझिनचं. त्याला अ‍ॅरोमॅटिक टीपीयू म्हणतात. उन्हातल्या अतिनील किरणांची ऊर्जा हे कडं शोषतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, आणि काही कड्यांची रचना बदलून ती निळा प्रकाश शोषू लागते. पांढऱ्या प्रकाशातून निळा कमी झाला की उरतो तो पिवळसर. त्यासाठी सगळी कडी बदलायची गरज नसते. फार थोडी बदलली तरी डोळ्याला दिसतं. उष्णता हे काम जलद करते. नांदेड-लातूरला मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत जाणं नवलाचं नाही, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते तापमान ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. दुचाकीच्या हँडलला फोन लावून दिवसभर पत्ता शोधत फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांचं कव्हर म्हणूनच सगळ्यात आधी पिवळं पडतं.

हा रंग प्लास्टिकच्या आत आहे, वर बसलेला नाही. साबणाने, खाण्याच्या सोड्याने, टूथपेस्टने घासून तो जात नाही. घासून फक्त कव्हर ओरखडतं आणि धुरकट दिसतं. औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर वरचा थर थोडा उजळतो खरा. पण मूळ कारण तसंच राहतं, पिवळेपणा परततो, आणि प्लास्टिक आणखी कमकुवत होण्याची शक्यता असते.

टीपीयूचाच दुसरा प्रकार आहे, ज्यात ते कडं नसतं. त्याला अ‍ॅलिफॅटिक म्हणतात. तो उन्हात टिकतो. नव्या कारच्या बॉनेटवर जी पारदर्शक संरक्षक फिल्म चढवतात ती याच जातीची असते. पण तो महाग पडतो, म्हणून दीडशे रुपयांच्या कव्हरमध्ये त्याची अपेक्षा ठेवू नये. 'अँटी-यलो' लिहिलेल्या कव्हरमध्ये बहुतेक वेळा अतिनील किरण शोषणारा मसाला घातलेला असतो. तो पिवळेपणा लांबवतो, थांबवत नाही. शिवाय कारखान्यात किंचित निळा रंग मिसळून पहिला पिवळेपणा झाकलेला असतो. नवं कव्हर पांढऱ्या कागदावर कडेवर उभं धरून पाहिलं तर कडेला बारीक निळसर झाक दिसते, ती ही.

पॉलीकार्बोनेटमध्येही बेंझिनची कडी आहेत आणि उन्हात तेही पिवळं होतं, पण पुष्कळ सावकाश, आणि त्यात अतिनील रोधक घालणं नेहमीचं आहे. सिलिकॉनची गोष्टच निराळी. त्याच्या रेणूचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा असतो. हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बळकट असतो आणि उन्हातली अतिनील किरणं तो फारशी शोषतच नाही. म्हणून खरं सिलिकॉन उन्हाने पिवळं होत नाही म्हटलं तरी चालेल. मळतं मात्र लवकर, आणि हलक्या रंगाचं असेल तर जीन्सच्या खिशातला निळा रंगही ओढून घेतं.

पाठ कडक पॉलीकार्बोनेटची आणि कडा मऊ टीपीयूच्या असं मिश्र कव्हर वर्षभर वापरलेलं कुणाकडे असेल तर मागून घेऊन नीट बघावं. पाठ काचेसारखी राहिलेली असते, कडा चहाच्या रंगाच्या झालेल्या असतात. दोन पदार्थांची तुलना एकाच कव्हरवर. नुसत्या टीपीयूच्या कव्हरमध्येही कडा पाठीपेक्षा गडद दिसतात, पण तिथे कारण प्रकाशाचं आहे. पाठीतून प्रकाशाला एक-दीड मिलिमीटर जाडी ओलांडायची असते, कडेवरून पाहताना तो पुष्कळ जास्त प्लास्टिकमधून येतो.

आणि हळद? हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. हाताला घाम आणि तेल असतंच, त्यातून ते मऊ प्लास्टिकच्या वरच्या थरात मुरतं. टीपीयूत मुरतं, सिलिकॉनमध्येही मुरतं. स्वयंपाकघरातला सिलिकॉनचा उलथना पिवळा झालेला पुष्कळांनी पाहिला असेल. पॉलीकार्बोनेटच्या कडक पृष्ठभागात ते त्या मानाने कमी शिरतं. मोंढ्यातल्या हमालाच्या किंवा अडत्याच्या कव्हरवर ही हळद आणि ऊन दोन्ही एकाच वेळी काम करत असतात.

ओळखायची युक्ती आपल्या घरातच आहे. हळदीला चुना लावला की ती लाल होते, कुंकू पूर्वी याच रीतीने करत. तेव्हा फोनमधून कव्हर काढावं, साध्या साबणाने धुऊन पुसावं, आणि सगळ्यात पिवळ्या जागी पानाला लावायच्या चुन्याची ओली टिकली लावावी. मिनिटभर थांबून पांढऱ्या कागदावर ठेवून बघावं. टिकलीच्या कडेने लालसर तांबूस वर्तुळ उमटलं तर तिथे हळद आहे. रंग बदलला नाही तर तो पिवळेपणा बहुधा प्लास्टिकचा स्वतःचा. चुना लगेच धुऊन टाकावा. तो बोटालाही झोंबतो आणि अल्कधर्मी पदार्थ पॉलीकार्बोनेटला मानवत नाहीत, म्हणून कडक पाठीवर हा प्रयोग नको, मऊ कडेवरच करावा.

हळद निघाली तर पुढचा उपाय फुकटचा आहे. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, फिकं पडतं. कापडावरचा हळदीचा डाग बायका उन्हात वाळत घालून घालवतात तसंच. फोन काढून रिकामं कव्हर दोन-तीन दुपारी गच्चीवर ठेवलं की हळदीचा रंग बराच उतरतो. उन्हाने प्लास्टिकचा पिवळेपणा वाढतो हे खरं, पण इतक्या थोड्या वेळात फरक दिसण्याइतका नाही. उन्हात ठेवूनही पिवळं तसंच राहिलं तर तो टीपीयूचा रंग, आणि मग त्यावर आणखी कष्ट घेऊ नयेत.

पिवळं पडलं म्हणून कव्हर टाकून देण्याची मात्र घाई नको. सुरुवातीच्या पिवळेपणाने कोपऱ्याचं दबणं फारसं बदलत नाही. जिच्याकडे लक्ष द्यायला हवं ती खूण वेगळी आहे आणि ती दिसत नाही, हाताला लागते. टीपीयूचे रेणू एकमेकांना कायमचे बांधलेले नसतात. उष्णतेत आणि ताणाखाली ते हळूहळू सरकतात आणि कव्हर कायमचं पसरतं. सुरुवातीला दोन्ही अंगठे लावून काढावं लागणारं कव्हर उन्हाळा संपता संपता एका कोपऱ्यातून सहज सुटतं. असं सैल कव्हर पडताना फोनला सोडतं. कोपरा फरशीला टेकतो, कव्हर बाजूला सरकतं, आणि पडद्याभोवतीचा उंचवटा काचेच्या खाली जातो. सिलिकॉनचे रेणू भट्टीत एकमेकांना पक्के जोडलेले असतात, म्हणून ते ताणून सोडलं की बरंचसं मूळ मापावर येतं. पॉलीकार्बोनेट तर पसरतच नाही.

तपासायची पद्धत सोपी. फोन कव्हरसकट गादीवर धरावा, पडदा खाली, आणि कव्हरच्या एका कोपऱ्याला धरून हलकेच हिसका द्यावा. कोपरा सुटला किंवा उंचवटा काचेपासून दूर वाकला तर ते कव्हर, कितीही स्वच्छ दिसत असलं तरी, बदलायच्या लायकीचं झालं. याशिवाय कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला बारीक भेगा आहेत का ते नखाने चाचपावं, आणि मिश्र कव्हर असेल तर पाठ आणि कडा जिथे जुळतात तिथली रेघ सुटायला लागलीय का ते बघावं.

मग घ्यायचं काय? हळदीच्या किंवा धान्याच्या कामात असणाऱ्याने कडक पाठ आणि गडद रंगाच्या मऊ कडा असलेलं मिश्र कव्हर घ्यावं. पोकळ कोपरे, कडेला खाचा. काळ्या किंवा गडद निळ्या रंगात हळद आणि ऊन दोन्ही दिसत नाहीत. लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेल्या विद्यार्थ्याचा फोन दिवसभर टेबलावर आणि पलंगावर असतो. पडला तरी अर्ध्या-पाऊण मीटरवरून, घरातल्या फरशीवर. त्याला जाड सिलिकॉन पुरेसं आहे, महिन्यातून एकदा धुतलं की झालं. फोनचा रंग दाखवायचाच असेल आणि पारदर्शकच हवं असेल तर पाठ पॉलीकार्बोनेटची आहे ना एवढं वाकवून पाहावं. वाकली नाही, नखाने टकटक वाजली, की ती पॉलीकार्बोनेट. शंभर रुपयांचं मऊ पारदर्शक कव्हर घेण्यातही चूक काही नाही. फक्त ते दर उन्हाळ्यानंतर बदलायचं आहे असं धरून घ्यावं, आणि त्याच्या आत बारीक ठिपक्यांची जाळी आहे ना ते बघावं. ती नसेल तर गुळगुळीत टीपीयू फोनच्या काचेला चिकटतं आणि पाणी शिरल्यासारखे ओले डाग दिसत राहतात.